चौसष्ट फ्रेमांची एक फ्रेम



सरांच्या स्मृतिदिनी बोलायचे तर त्यांना आवडणाऱ्या विषयावर बोलावे, आणि त्यांना आवडायचे ते एडिटिंगच्या टेबलावरचे काम. म्हणून आज मी एकच काम घेऊन आलो आहे. दीड-दोन तास सलग केलेल्या साध्या चित्रणातून टाइम-लॅप्स कसा काढायचा, त्यात वेग कसा बदलायचा आणि फ्रेमा एकमेकींत मिसळायच्या म्हणजे नेमके काय करायचे, एवढाच विषय. मागे पडदा आहे, लॅपटॉप जोडलेला आहे. व्याख्यान छापील स्वरूपात वाचणाऱ्यांसाठी पडद्यावर काय दिसते ते मी बोलून दाखवीन.

आपल्याकडे या तंत्राची सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून होते. १९१२ साली लंडनहून कॅमेरा मागवल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप उगवताना चित्रित केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो छोटा चित्रपट ओळखला जातो. भांडवल देणाऱ्यांना त्यांना पटवायचे होते की हे यंत्र खरोखर काही दाखवू शकते. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराचा चित्रपट झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. आपण हिशेब करू. महिन्याच्या तीस फ्रेमा सेकंदाला सोळाच्या गतीने चालवल्या तर दोन सेकंदांतच संपतात. मिनिटभर चालायला हजाराच्या आसपास फ्रेमा हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक. टाइम-लॅप्स करणाऱ्या माणसाने कोणतीही गोष्ट ऐकली की हा गुणाकार-भागाकार आधी करावा.

फाळक्यांच्या पद्धतीत निवड आधीच होते. दोन फ्रेमांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे चित्रण सुरू करतानाच ठरते, आणि मधला वेळ फिल्मवर उमटतच नाही. मी ज्या पद्धतीबद्दल बोलणार आहे तिच्यात सगळेच उमटते. कॅमेरा नेहमीच्या गतीने, सेकंदाला २५ फ्रेमा टिपत राहतो आणि निवड नंतर टेबलावर होते. कार्डे भरतात, बॅटऱ्या संपतात, कॅमेरा तापतो. पण त्या बदल्यात जे हाती येते ते इंटरव्हल लावून काढलेल्या छायाचित्रांतून कधीच मिळत नाही. ते काय, तेच आज सांगायचे आहे.

उदाहरण हर्णेचे घेतो. दापोली तालुक्यातल्या हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. होड्या किनाऱ्यापासून दूर उभ्या असतात, बैलगाड्या पाण्यात शिरून माल आणतात, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. पलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग. ट्रायपॉडवरून, कॅमेरा न हलवता, उन्हापासून काळोख पडेपर्यंत घेतलेले एकच दृश्य आपल्यापुढे आहे. लांबी १ तास ३६ मिनिटे, म्हणजे ५,७६० सेकंद, म्हणजे १,४४,००० फ्रेमा. हे सगळे ६४ पट वेगाने चालवले तर २,२५० फ्रेमा उरतात आणि दृश्य ९० सेकंदांचे होते. चौसष्ट का, ते पुढे कळेल.

पहिली क्लिप बघा. ही सर्वांत सोप्या रीतीने केली आहे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ६,४०० टक्के टाकला आणि बाकी काही केले नाही. सॉफ्टवेअरने प्रत्येक चौसष्टावी फ्रेम ठेवली आणि मधल्या त्रेसष्ट टाकून दिल्या. किल्ला ठीक आहे, आकाश ठीक आहे. पण माणसांकडे बघा. ती चालत नाहीत. इथे गायब होतात आणि तिथे उगवतात. सगळा किनारा तडतडतो आहे. कारण उघड आहे. शटर १/५० सेकंदाचे होते आणि ठेवलेल्या दोन फ्रेमांमध्ये २.५६ सेकंदांचे अंतर आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात तीन मीटर पुढे जातो. त्याच्या त्या तीन मीटरांतली फक्त अडीच सेंटिमीटरची हालचाल फ्रेममध्ये उमटली आहे. पहिला माणूस आणि तीन मीटरवरचा दुसरा एकच आहेत हे डोळ्याला कळायला आधार राहत नाही.

आता दुसरी क्लिप. वेग तोच, पण टाकलेल्या त्रेसष्ट फ्रेमा या वेळी टाकलेल्या नाहीत. चौसष्ट फ्रेमांतल्या प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाची सरासरी काढली आणि त्याची एक फ्रेम केली. तडतड थांबली. किनाऱ्यावरून धुरासारखे काहीतरी वाहते आहे, आणि त्या वाहण्यात काही माणसे मात्र स्पष्ट उभी आहेत. ती बोली लावणारी. ती उभी होती म्हणून टिकली.

इथे थोडे थांबून हिशेब करू, कारण सगळी कला या हिशेबात आहे. चालणाऱ्या माणसाची रुंदी अर्धा मीटर धरा. वाळूवरचा एखादा बिंदू तो साधारण ०.४ सेकंद झाकतो. एका फ्रेममध्ये मिसळलेला काळ २.५६ सेकंद. म्हणजे त्या बिंदूवर माणसाचा वाटा सोळा टक्के आणि मागच्या वाळूचा चौऱ्याऐंशी. सोळा टक्क्यांचा माणूस म्हणजे नुसता डाग. याउलट ढिगापाशी उभ्या असलेल्या बाईचे धड अडीच सेकंद जागचे हलत नाही. तिचा वाटा शंभर टक्के राहतो, फक्त हात पुसट होतात. मिश्रण करताना आपण चित्र केवळ गुळगुळीत करतो असे वाटते. प्रत्यक्षात त्या चौकटीत कोण हजर आहे आणि कोण नाही, हे आपण ठरवत असतो. माझ्या मते हा तांत्रिक सफाईचा नाही, आशयाचा निर्णय आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या एका चौकोनात टिक करून सोडून देण्याजोगा नाही.

त्या चौकोनाबद्दल बोलतोच, कारण तिथे बहुतेकांची फसगत होते. जवळजवळ प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलताना ‘फ्रेम ब्लेंडिंग’ असा पर्याय असतो. तो लावला की चौसष्ट फ्रेमा मिसळल्या जातील असे आपण गृहीत धरतो. पण त्यातले पुष्कळ पर्याय मुळात वेग कमी करण्यासाठी बनलेले असतात. हवा असलेला क्षण दोन फ्रेमांच्या मध्ये पडला तर ते त्या दोन शेजारी फ्रेमा मिसळतात, बस. ६४ पट वेगाला दोन फ्रेमांचे मिश्रण म्हणजे तडतड तशीच, वर प्रत्येक माणसाला एक बारीकशी सावली. आणि वेग पूर्णांकात असेल तर हवा असलेला क्षण नेमका एका फ्रेमवर पडतो. मग मिसळण्यासारखे काही उरतच नाही, पर्याय चालू असून बंद असल्यासारखा.

आपले सॉफ्टवेअर काय करते हे सहज तपासता येते. भिंतीवरचे घड्याळ घ्या, ज्याचा सेकंदकाटा टिक-टिक करत पुढे जातो. त्याचे दहा मिनिटे चित्रण करा, वेग ६४ पट करा, ब्लेंडिंग चालू करून निर्यात करा आणि एक फ्रेम थांबवून मोठी करून बघा. खरी सरासरी असेल तर काटा तीन किंवा चार ठिकाणी अर्धपारदर्शक दिसेल. पूर्ण सेकंद थांबलेल्या जागी त्याचा ठसा सुमारे ३९ टक्के असेल, कडेच्या जागी कमी. एकच ठसठशीत काटा दिसला तर समजा की एक किंवा दोनच फ्रेमा घेतल्या आहेत. सॉफ्टवेअरचे माहितीपुस्तक काय म्हणते त्यापेक्षा हा काटा विश्वासार्ह.

मग खरी सरासरी कशी मिळवायची? कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालणारी रीत अशी. एकच क्लिप चार ट्रॅकवर एकावर एक ठेवा. दुसरी एक फ्रेम सरकवा, तिसरी दोन, चौथी तीन. आता अपारदर्शकता, म्हणजे ओपॅसिटी: सर्वांत खालची १०० टक्के, तिच्यावरची ५०, तिच्यावरची ३३.३ आणि सर्वांत वरची २५. चारही ५० ठेवल्या तर वरची अर्धे चित्र बळकावते आणि खालच्यांना उरलेसुरले मिळते. १, १/२, १/३, १/४ या क्रमाने चौघींचा वाटा सारखा होतो. हे चार थर एकत्र बांधून त्यांची एक क्लिप करा आणि तिचा वेग ४०० टक्के करा. निघालेल्या फाइलवर हेच पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट. सरासरीची सरासरी गट सारखे असतील तर मूळ सरासरीइतकीच येते, म्हणून तीन टप्प्यांत केले तरी गणित बिघडत नाही. बिघडते ते मधल्या फाइलींमुळे. दर टप्प्याला एच-२६४मध्ये आठ बिटांची फाइल काढली तर संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. मधल्या फाइली प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये, दहा बिटांत काढा.

ज्यांना कमांड टाइप करायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी एफएफएमपेग हे मोफत साधन हेच काम एका ओळीत करते:

```
ffmpeg -i harne.mov -an -vf "format=yuv422p10le,tmix=frames=64,select='not(mod(n,64))',setpts=N/(25*TB)" -r 25 -c:v prores_ks -profile:v 3 harne_64.mov
```

यात `format` आधी दहा बिटांत नेते, `tmix` चौसष्ट फ्रेमांची सरकती सरासरी काढते, `select` दर चौसष्टावी सरासरी ठेवते आणि `setpts` तिला नवी वेळ देते. `-an` म्हणजे आवाज वगळला. फाइलीचे नाव सोडले तर या ओळीत चौसष्ट हा आकडा दोनदा आला आहे, याकडे लक्ष असू द्या. तो दोन्हीकडे सारखाच असला पाहिजे असे नाही. तिकडे मी परत येणार आहे.

सरासरीचा आणखी एक लाभ सहज पदरात पडतो. चित्रातला दाणेदारपणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, म्हणून चौसष्ट फ्रेमांच्या सरासरीत तो एक-अष्टमांश व्हायला हवा. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण कॅमेऱ्याच्या कॉम्प्रेशनने शेजारच्या फ्रेमांतले दाणे आधीच एकमेकांसारखे करून ठेवलेले असतात. तरी काळोखातल्या भागात फरक डोळ्यांना दिसतो. तिन्हीसांजेला आयएसओ वाढवायला लागला तरी मी घाबरत नाही तो यामुळे.

सरासरी बिघडवते ते दिवे. तिसरी क्लिप शेवटच्या वीस मिनिटांची आहे. किनाऱ्यावर दुचाकी आल्या-गेल्या. त्यांच्या हेडलाइटच्या लांब रेषा दिसायला हव्या होत्या. ‘कोयानिस्कात्सी’ या १९८२च्या चित्रपटात रात्रीच्या रस्त्यांवर वाहणारे दिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इथे रेषा जवळजवळ नाहीतच. का? एका बिंदूवरून दिवा एका फ्रेमपुरता गेला, बाकीच्या त्रेसष्ट फ्रेमांत तिथे काळोख. फाइलमधला आकडा २५५, भागिले ६४, म्हणजे ४. चार म्हणजे काळेच. पण फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात; काळोखातले बारकावे जपण्यासाठी ते गॅमा वक्रावर चढवलेले असतात. ते आधी खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात उतरवले, तिथे चौसष्टाने भागले आणि पुन्हा वक्रावर चढवले तर उत्तर येते ३८च्या आसपास. चार आणि अडतीस यांत ती रेषा असण्या-नसण्याचा फरक आहे.

तेव्हा रात्रीचे दृश्य असेल तर सरासरी प्रकाशाच्या प्रमाणात, लिनिअर पद्धतीने काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच काम करावे. नेट्रॉन हे मोफत आहे आणि त्यात फ्रेमब्लेंड नावाचा नोड आहे. तरीही दिवे खऱ्या लांब एक्स्पोजरइतके तेजस्वी होणार नाहीत. मूळ फ्रेममध्येच दिव्याचा आकडा २५५ला टेकून थांबलेला असतो. तो प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट उजळ होता, आणि ती माहिती चित्रण होतानाच गेली. तिथे मी दुसरा थर वापरतो. त्याच चौसष्ट फ्रेमांतली सरासरी न घेता प्रत्येक बिंदूची सर्वांत उजळ किंमत घ्यायची आणि तो थर सरासरीवर तीस-चाळीस टक्के चढवायचा. नेट्रॉनच्या त्याच नोडमध्ये ‘मॅक्स’ असा पर्याय आहे. दिवसाच्या दृश्याला हा उपाय चुकूनही लावू नका. पांढरा सदरा घातलेला प्रत्येक माणूस पांढरी पट्टी होऊन बसेल.

आणि रेषा ठिपक्यांची दिसली तर तो दोष शटरचा. १/५० सेकंदाच्या शटरला दर फ्रेमचा अर्धा काळ झाकलेला असतो. चालणारा माणूस एका फ्रेममागे पाच सेंटिमीटर सरकतो, त्याला हे झाकणे बाधत नाही. त्याची रुंदीच अर्धा मीटर. पण सेकंदाला आठ मीटर जाणाऱ्या दुचाकीचा दिवा एका फ्रेममागे ३२ सेंटिमीटर पुढे जातो आणि दिव्याची काच त्याच्या अर्धीही नसते. टाइम-लॅप्ससाठीच चित्रण करत असाल तर शटर १/२५वर ठेवा. नेहमीच्या गतीने बघताना ते जरा पुसट वाटेल, पण मिश्रणात एक फ्रेम संपते तिथे दुसरी सुरू होईल.

आता वेगाकडे वळू. दुसऱ्या क्लिपमध्ये लिलाव होता, पण तो कळला नाही. आकाशाचे रंग बदलताना बघायला ६४ पट वेग उत्तम आहे. लिलावाला तो निरुपयोगी. मिश्रण कमी केले तर? चौसष्टऐवजी प्रत्येक गटातल्या सोळाच फ्रेमा मिसळल्या तर चालणारा माणूस साठ टक्क्यांच्या वर घट्ट दिसतो, हे खरे. पण पुढच्या फ्रेममध्ये तो पुन्हा तीन मीटरवर, मधे मोकळी जागा. तडतड परत येते. म्हणून उपाय मिश्रणात नाही, वेगात आहे. वेगच सोळा पट करा आणि सोळाच फ्रेमा मिसळा. एका फ्रेममध्ये ०.६४ सेकंद, माणूस पाऊण मीटर सरकलेला, पुढची फ्रेम तिथूनच सुरू. तो पुसट आहे, पण सलग आहे, आणि माणूस आहे हे कळते. गर्दीसाठी दहा ते वीस पट, सावल्या आणि भरती-ओहोटीसाठी साठच्या पुढे, हा माझा नेहमीचा अंदाज.

मग संपूर्ण दृश्याची मांडणी अशी होते. सुरुवातीला चार सेकंद नेहमीच्या गतीने, बोलीच्या आवाजासकट. पुढच्या तीन सेकंदांत वेग एकपासून सोळापर्यंत चढतो. मग तीस सेकंद सोळा पटीने लिलाव. त्यात मूळ चित्रणाची आठ मिनिटे संपतात. पुढे दोन सेकंदांत वेग सोळावरून चौसष्टवर जातो आणि उरलेले सगळे चौसष्टने, ८१ सेकंद. बेरीज दोन मिनिटे.

चढाव कसा द्यायचा यावर बरेच काही अवलंबून असते. टाइमलाइनवर दोन की-फ्रेमांमध्ये सरळ रेषा ओढली तर वेग प्रत्येक क्षणी सारख्याच आकड्याने वाढतो, आणि ते बघताना सुरुवातीलाच गचका बसतो. एकवरून दोनवर जाणे म्हणजे दुप्पट. पंधरावरून सोळावर जाणे कळतही नाही. डोळा पटी मोजतो. तेव्हा चढाव पटीने द्यावा: १, २, ४, ८, १६, प्रत्येक टप्प्याला सारखा वेळ. तीन सेकंदांच्या अशा चढावात मूळ चित्रणाचे सुमारे १६ सेकंद खर्च होतात. सरळ रेषेने पंचवीसच्या वर. आधी ठरवलेला क्षण, समजा हात वर करून बोली तुटण्याचा, चढाव संपताना यायला हवा असेल तर हा फरक आधी मोजून ठेवावा लागतो.

वेग बदलतो तसे मिश्रणही बदलले पाहिजे. दोन पट वेगाला दोन फ्रेमा, आठला आठ. सगळ्या चढावाला सोळाच मिसळल्या तर नेहमीच्या गतीचा शेवटचा क्षण अचानक धूसर होतो. मी चढावापुरत्या तुकड्याच्या चार प्रती काढतो: २, ४, ८ आणि १६ फ्रेमांची सरकती सरासरी, `select` न लावता, म्हणजे लांबी मूळ तुकड्याइतकीच. चारही प्रतींना आणि मूळ तुकड्याला वेगाचा एकच वक्र लावतो, एकावर एक ठेवतो आणि वेग त्या-त्या आकड्याला पोचेल तसा एका प्रतीतून दुसरीत विरघळवतो. यात एक खाच आहे. `tmix` मागच्या फ्रेमांची सरासरी देते, त्यामुळे सोळाची प्रत मूळच्या मागे साधारण आठ फ्रेमा रेंगाळते. ती तेवढी पुढे सरकवली नाही तर विरघळताना चालणारी माणसे किंचित मागे ओढल्यासारखी दिसतात. सांध्यावर असा हिसका दिसला तर कारण हेच समजा.

आता त्या दोनदा आलेल्या चौसष्टाकडे येतो. आजच्या व्याख्यानातला मला सर्वांत प्रिय भाग हा आहे.

दुसऱ्या क्लिपमध्ये समुद्र तुम्हाला खटकला असेल. माणसे वाहू लागली, पण पाणी उकळल्यासारखे फडफडत राहिले. किनाऱ्याला येणारी लाट धरू या आठ सेकंदांची. एका फ्रेममध्ये २.५६ सेकंद, म्हणजे एका लाटेला जेमतेम तीन फ्रेमा. एकीत पाणी वर, पुढचीत खाली, मग मधेच. पाणी शांत करायचे तर प्रत्येक फ्रेममध्ये एका लाटेहून जास्त काळ मिसळायला हवा, म्हणजे दहा सेकंद तरी. पण फ्रेमा तर दर २.५६ सेकंदांनी हव्यात. छायाचित्रे काढून टाइम-लॅप्स करणाऱ्याला हे शक्य नाही. दर अडीच सेकंदांनी उघडणारे शटर दहा सेकंद उघडे ठेवता येत नाही. आपल्याला येते, कारण आपल्याजवळ सगळ्या फ्रेमा आहेत आणि तीच फ्रेम अनेक सरासऱ्यांत वापरायला कोणी अडवत नाही. `tmix=frames=256` लिहा आणि `select`मधला चौसष्ट तसाच ठेवा. आता प्रत्येक फ्रेममध्ये १०.२४ सेकंद आहेत, आणि शेजारच्या दोन फ्रेमांत तीन-चतुर्थांश काळ एकच आहे. चौथी क्लिप बघा. पाण्याची फडफड गेली. ओहोटीची कड वाळूवरून संथपणे मागे सरकते आहे. ती आधीही सरकत होती. लाटांच्या गोंगाटात दिसत नव्हती.

अर्थात, २५६ फ्रेमांत किनाऱ्यावरची माणसे जवळजवळ पुसली जातात. म्हणून शेवटच्या आवृत्तीत पाण्याला २५६ची प्रत आहे आणि वाळूला ६४ची. मधे मास्क, त्याची कड रुंद आणि मऊ, ओल्या वाळूच्या पट्ट्यातून जाणारी. बैलगाडी वाळूवरून पाण्यात शिरते तिथे ती मास्कच्या कडेवर क्रमाक्रमाने विरत जाते. नेमकी रेषा ओढली असती तर गाडी कापल्यासारखी दिसली असती. नांगरलेल्या होड्या मात्र २५६मध्ये टिकत नाहीत. त्या जागच्या जागी डोलतात, डोलण्याची सरासरी म्हणजे कडा नसलेली होडी. त्यांच्याभोवती वेगळा मास्क करून त्या मी ६४च्या प्रतीतून घेतल्या. या दृश्यात एकाच चौकटीत दोन वेगळ्या लांबीचे शटर चालू आहेत. कोणाला हे खोटे वाटेल. मला वाटत नाही, कारण प्रत्येक बिंदूवर त्याच जागी, त्याच वेळी पडलेला प्रकाश आहे. फक्त किती वेळाचा, ते जागेप्रमाणे वेगळे. माहितीपटात वापरताना मात्र हे सांगावे, असे माझे मत आहे.

या पद्धतीला मर्यादा स्मृतीची. `tmix` जितक्या फ्रेमा मिसळायच्या तितक्या मेमरीत धरून ठेवते. १९२० बाय १०८०ची दहा बिटांची एक फ्रेम आठ एमबीच्या आसपास. २५६ फ्रेमा म्हणजे दोन जीबीहून थोडे जास्त. फोर-केला याच्या चौपट. साध्या लॅपटॉपवर फोर-के अडकले तर आधी चार-चारची सरासरी काढून, दर चौथी ठेवून, मधली फाइल करा आणि तिच्यावर चौसष्टची सरकती सरासरी काढून दर सोळावी ठेवा, उत्तर तेच.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या सगळ्या चित्रण करतानाच्या आहेत. मिश्रण धक्का लपवत नाही, त्याचा कायमचा डाग करते. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरला तर किल्ल्याच्या तटाची कड दुहेरी होते आणि मग ती कशानेही सुटत नाही. म्हणून स्थिरीकरण नेहमी मिश्रणाच्या आधी, मूळ फ्रेमांवर. फोकस हाताने लावून कुलूप घाला. ऑटो एक्स्पोजर ठेवू नका. एखादा पांढरा टेम्पो समोरून गेला की सगळे आकाश काळवंडते. पण ऊन ते काळोख एकाच एक्स्पोजरमध्ये बसत नाही, हेही खरे. मी हाताने, एक-तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी उघडत जातो. प्रत्येक पायरी कोणत्या फ्रेमवर पडली ते मूळ चित्रणात स्पष्ट दिसते आणि तिची किंमत माहीत असते, त्यामुळे मिश्रणाच्या आधी तेवढीच उलट दुरुस्ती करून उडी सपाट करता येते. कॅमेऱ्याने स्वतःच्या मर्जीने केलेला बदल असा मोजून काढता येत नाही.

शेवटी साठवणीचा प्रश्न, कारण प्रत्येक वेळी तो विचारला जातो. सेकंदाला १०० मेगाबिट दराने हे ९६ मिनिटांचे चित्रण ७२ जीबी होते. दोन मिनिटांची फाइल हाती आल्यावर ७२ जीबी कशाला जपायचे? मी जपतो, दोन डिस्कवर. आज मी लिलावासाठी पहिली आठ मिनिटे घेतली आणि माणसांना सोळा फ्रेमा दिल्या. पाण्यात किती गाड्या शिरल्या आणि ओहोटीबरोबर त्यांची वाट कशी सरकत गेली, हे कोणाला बघायचे असेल तर त्याला आठ पट वेग आणि आठ फ्रेमा लागतील, आणि मी धूसर करून टाकलेला ओल्या वाळूचा पट्टाच त्याच्या कामाचा असेल. माझ्या दोन मिनिटांतून तो परत काढता येणार नाही, मूळ फाइलीतून येईल. ती ज्याला हवी असेल त्याने कार्यक्रमानंतर डिस्क घेऊन भेटावे. लॅपटॉप मी चालूच ठेवतो आहे.